पेज नक्की कोणाच्या मालकीचं?

प्रश्न: सोशल मीडिया एजन्सी बदलतोय. जुन्या एजन्सीकडून फक्त पासवर्ड घेतला तर पुरेल का?

नाही. फेसबुक पेजची मालकी पासवर्डवर ठरत नाही. ते एजन्सीच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे पेजेस आणि जाहिरात खाती एकत्र सांभाळायच्या मेटाच्या व्यावसायिक खात्यात असेल, तर तुम्हाला अ‍ॅडमिन केलं तरी ताबा त्यांचाच राहतो. आधी स्वतःकडे पेजचं पूर्ण नियंत्रण घ्या, मग त्यांना पेज त्यांच्या पोर्टफोलिओतून काढायला लावा आणि लगेच तुमच्या पोर्टफोलिओत जोडा. नव्या एजन्सीला केवळ पार्टनर म्हणून प्रवेश द्या.

इन्स्टाग्रामला ईमेल, फोन नंबर आणि ओटीपीचं अ‍ॅप, तिन्ही बदला. जुना नंबर राहिला तर कोड त्यांच्याकडेच जातील. त्यांच्या पोर्टफोलिओतलं जाहिरात खातं हलवता येत नाही, म्हणून जाहिरातींचे अहवाल उतरवून घ्या. डिझाइनच्या मूळ फाइल्स शेवटचं बिल देण्याआधी मागा, करारात हक्क लिहिलेला नसेल तर विशेषच.