थालीपिठाच्या भाजणीत किलोमागे कोणतं धान्य आणि कोणती डाळ किती घ्यावी?

प्रश्न: थालीपिठाची भाजणी घरी करायची आहे. एक किलोचं नेमकं प्रमाण सांगाल का? मागच्या वेळी बाजरी अर्धा किलो, ज्वारी पाव किलो आणि हरभरा डाळ पाव किलो असं घेऊन सगळं एकत्र भाजलं. पहिले काही दिवस चव चांगली होती, पण थालीपीठं थापताना कडा फाटायच्या, उलटताना तुटायची आणि महिन्याभरात पीठ कडवट झालं.

उत्तर:

आमच्या घरात चालतं ते प्रमाण आधी देतो. बाजरी 250 ग्रॅम, ज्वारी 250 ग्रॅम, तांदूळ 150 ग्रॅम, गहू 50 ग्रॅम. हरभरा डाळ 150 ग्रॅम, उडीद डाळ 75 ग्रॅम, सालासकट मूग 50 ग्रॅम. आणि धणे 25 ग्रॅम. हे बरोबर एक किलो झालं. वरून दोन चमचे जिरे घाला. हे वजन कच्च्या धान्याचं आहे, म्हणजे धुण्याआधी, भाजण्याआधी तोललेलं. भाजताना ओलावा उडतो आणि गिरणीतही थोडं पीठ राहतं, त्यामुळे हाती साधारण 900 ते 950 ग्रॅम भाजणी येते. डब्यात पुरता किलो हवा असेल तर प्रत्येक जिन्नस एक दशांशाने वाढवा, म्हणजे पाव किलोच्या जागी 275 ग्रॅम.

वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. हरभरा डाळीची एक वाटी आणि धण्यांची एक वाटी यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक असतो. वाटीच्या मापाने सांगितलेली भाजणी प्रत्येक घरात वेगळी होते त्याचं मोठं कारण हेच.

आता तुमचं प्रमाण पाहू. तुम्ही किलोत 250 ग्रॅम डाळ घेतली होती, माझ्या प्रमाणात डाळी आणि मूग मिळून 275 ग्रॅम होतात. म्हणजे धान्य आणि डाळी यांचा मेळ तुमचा जवळजवळ बरोबरच होता. अडचण आली ती सगळी डाळ हरभऱ्याचीच असल्यामुळे. हरभरा डाळ खमंगपणा देते, रंग देते, खुसखुशीतपणा देते, पण भाजल्यावर तिचं पीठ पकड धरत नाही. बाजरी आणि ज्वारीत तर गव्हासारखा चिवटपणा नसतोच. तुमच्या भाजणीत पीठ बांधून ठेवणारं काहीच नव्हतं, म्हणून कडा फाटत होत्या.

बांधायचं काम उडीद करतो. भाजल्यानंतरही उडदाचं पीठ पाणी लागलं की चिकट होतं आणि बाकीच्या पिठांना धरून ठेवतं. किलोला 75 ग्रॅम पुरतो. 50 च्या खाली गेलात तर पकड जाणवत नाही, आणि 125 च्या वर गेलात तर गोळा हाताला चिकटतो, थालीपीठ आतून ओलसर, गच्च लागतं. गहू उडदाला साथ देतो, पण तोही 50 ग्रॅमच. गहू वाढवला की थापायला सोपं जातं हे खरं, पण गार झाल्यावर थालीपीठ चिवट होतं आणि डब्यात नेलं तर दुपारी ओढून तोडावं लागतं. घरात कुणाला गहू चालत नसेल तर तो पूर्ण काढून उडीद डाळ 100 ग्रॅम करा आणि उरलेले 25 ग्रॅम ज्वारीत टाका. मात्र सार्वजनिक गिरणीच्या जात्यात आधीच्या दळणाचा गहू असतोच, म्हणून वैद्यकीय कारणाने गहू बंद असेल तर दळण घरच्या घरीच करायला हवं.

तांदळाचं काम कुरकुरीत कडांचं. कोकणात भाजणीत तांदूळ बराच जास्त असतो, देशावर ज्वारी-बाजरी जास्त. मी 150 ग्रॅमवर थांबतो, कारण 250 पर्यंत नेला की थालीपीठ तव्यावर छान दिसतं पण अर्ध्या तासात कडक होतं. जाड, जुना तांदूळ घ्या, वासाचा महागडा तांदूळ इथे वाया जातो. मुगाने पीठ थोडं हलकं होतं, तो नसला तर मटकी किंवा चवळी तेवढीच घ्या.

बाजरी-ज्वारी यांची आपसात अदलाबदल खुशाल करा, दोन्ही मिळून 500 ग्रॅम राहिले म्हणजे झालं. थंडीत आम्ही बाजरी 300 करतो, उन्हाळ्यात ज्वारी. नाचणी हवी असेल तर यातलीच 100 ग्रॅम तिला द्या. बाजरी 300 च्या वर मात्र जाऊ देत नाही, आणि त्यामागे तुमच्या कडवट पिठाचं कारण आहे.

भाजणी दोन तऱ्हांनी कडू होते. धान्य करपलं असेल तर कडूपणा पहिल्याच थालीपिठात लागतो. पहिले दिवस चव चांगली आणि नंतर कडवट, असं झालं तर ते पीठ खवट झालेलं असतं. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतं. बाजरीत तेलाचा अंश ज्वारी-तांदळापेक्षा जास्त असतो. दाणा अख्खा असेपर्यंत ते तेल सुरक्षित असतं, पण दळलं की धान्यातलीच विकरं त्या तेलाचं विघटन सुरू करतात. म्हणून तर बाजरीचं कच्चं पीठ थोडंथोडं दळून आणतात. नीट भाजल्याने ही विकरं निकामी होतात आणि पीठ टिकतं. तुमच्या किलोत अर्धी बाजरी होती, आणि एकत्र भाजल्यामुळे ती सगळीकडे सारखी तापली नसणार. मोठ्या ढिगात बुडाशी असलेले दाणे भाजले जातात आणि वरचे नुसते कोमट होतात.

त्यामुळे प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, जाड बुडाच्या किंवा लोखंडी कढईत, मंद ते मध्यम आचेवर, एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त नाही. हात थांबवायचा नाही. घड्याळ फारसं कामाचं नाही, कारण कढई आणि आच वेगळी असते. पण अंदाज म्हणून सांगतो, पाव किलो बाजरीला आठ-दहा मिनिटं लागतात. झाली कसं ओळखायचं, तर ती तडतडायला लागते आणि एखाददुसऱ्या दाण्याची लाही फुटते. ज्वारीचंही तसंच. तांदळाचा दाणा पारदर्शकपणा सोडून पांढराशुभ्र आणि किंचित फुगीर होतो. गहू टपोरा होऊन रंगाला गडद येतो.

सगळ्यात जास्त वेळ हरभरा डाळीला द्या. ती बाहेरून लवकर पिवळी-लाल दिसते आणि आत कच्ची राहते. एक दाणा थोडा गार करून दाताखाली धरा. कट्‌कन फुटून चुरा झाला तर झाली, दातात रुतला तर अजून वेळ आहे. कच्ची राहिलेली हरभरा डाळ थालीपिठात लगेच कळते, बेसनाचा कच्चा वास येतो आणि जिभेवर चिकटल्यासारखं वाटतं. उडीद डाळ हलकी गुलाबी झाली आणि वास सुटला की लगेच उतरवा, ती फार पटकन लाल होते आणि जास्त भाजली तर तिची पकड कमी होते. मूगही वास सुटेपर्यंतच. धणे-जिरे शेवटी, आच बंद करून तापलेल्या कढईत परतले तरी पुरे.

धुण्याबद्दल दोन मतं आहेत. मी ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळी धुऊन, उपसून, कापडावर सावलीत पूर्ण वाळवतो. दाणा आत ओला राहिला तर साल करपतं आणि आतलं कच्चं राहतं, म्हणून पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत न पडता निवडून, ओलसर फडक्याने पुसून घेतो.

भाजलेलं सगळं ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करा. गरम धान्य डब्यात भरलं तर झाकणाला घाम येतो आणि भाजून घालवलेला ओलावा परत धान्यात जातो. गिरणीवाल्याला सांगायचं ते इतकंच, की ज्वारी किंवा बाजरीच्या दळणामागे घाला, हळद-तिखटामागे नको, आणि पोळीच्या कणकेपेक्षा किंचित जाडसर ठेवा. अगदी बारीक दळलेल्या भाजणीचं थालीपीठ गुळगुळीत आणि घट्ट होतं. पीठ गिरणीतून गरम येतं, घरी आणून कागदावर पसरा आणि निवलं की घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. बाहेर दोन महिने चांगलं राहतं. पावसाळ्यात अर्धं फ्रिजमध्ये ठेवा. वास घेऊन पाहायची सवय ठेवा, ताजी भाजणी खमंग येते, खवट होऊ लागलेली जुन्या तेलासारखी.

मळताना एक गोष्ट लक्षात असू द्या. भाजलेलं पीठ पाणी सावकाश शोषतं. दोन वाट्या भाजणीत बारीक चिरलेला एक कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून कोमट पाण्याने सैलसर भिजवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात गोळा आवळून येतो. तेव्हा पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. लगेच थापायला घेतलं तर चांगल्या प्रमाणाच्या भाजणीच्याही कडा फाटतात. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोकं पाडून त्यात तेल सोडा आणि पहिली बाजू झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्या. खालची बाजू सुटून आपोआप सरकायला लागल्यावरच उलटा.

एवढ्या भाजणीची मध्यम आकाराची अठरा-वीस थालीपीठं होतात. पहिल्यांदा करताना अर्ध्या प्रमाणातच करा. जुनं कडवट पीठ नव्यात मिसळू नका, खवटपणा कशानेही जात नाही आणि नवी भाजणीही बिघडते. पीठ कडवट न होता नुसतंच फाटत असेल, तर दोन वाट्यांना दोन चमचे उडदाचं पीठ किंवा कणीक घालून ते संपवता येतं.