दोह्याहून परतलात ना, मग हॉटेल नको, एसीचंच काम धरा

"दोह्यात १४ वर्षं एसी मेंटेनन्सला होतो, शेवटी फोरमन. आता कायमचा गोरेगावला आलोय. ४० लाख शिल्लक आहेत. घरचे म्हणतात हॉटेल टाक, मेव्हणा म्हणतो गाळा घे. काय करू?"

भाऊ, मीही शारजाहून हेच काम करून परतलो. पहिली चूक सांगतो. रस्त्यावरच्या गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये ९ लाख अडकवले आणि वर्षभरात दुकानात चालत आलेली गिऱ्हाइकं दहासुद्धा नव्हती. या धंद्यात फोन येतो, माणूस येत नाही. हत्यारं ठेवायला चाळीतली खोली पुरते.

सोसायट्या, दवाखाने, क्लासेस यांची वर्षाची सर्व्हिसिंगची काँट्रॅक्ट्स घ्या. हिशोब असा. २०० स्प्लिट मशिनं, प्रत्येकी २,४०० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. वर्षाला चार सर्व्हिसिंग धरल्या तर ८०० फेऱ्या. टेक्निशियन आणि हेल्परची जोडी दिवसाला सहा मशिनं नीट करते, म्हणजे १३४ दिवस. दोघांचा पगार महिना ३७ हजार धरला तरी वर्षाचे साडेचार लाख होतात. थोडक्यात, काँट्रॅक्टमधून फक्त पगार निघतो. तुमची कमाई उरलेल्या दिवसांतल्या रिपेअरिंग आणि इन्स्टॉलेशनची. ती कामं मात्र काँट्रॅक्टवाल्यांकडूनच येतात.

सुट्या भागांसकट काँट्रॅक्ट सुरुवातीला अजिबात घेऊ नका. वर्सोवा, वांद्रे, वरळी इथल्या खाऱ्या हवेत आउटडोअरची कॉइल लवकर सडते. एक कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेला की त्या मशिनचे कित्येक वर्षांचे पैसे गेले. आधी वर्षभर मशिनं ओळखा.

तुमचा तिकडचा अनुभव इथे कामाला येतो तो गॅसमध्ये. गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. इथे मात्र दर उन्हाळ्यात नुसता भरून देतात आणि गिऱ्हाइकालाही त्याची सवय झालीय. तुम्ही नायट्रोजनने प्रेशर धरून गळती शोधा, फ्लेअर नट किंवा जोड दुरुस्त करा, व्हॅक्युम ५०० मायक्रॉनच्या खाली न्या आणि थांबून बघा. आकडा पुन्हा चढत राहिला तर गळती किंवा ओल अजून आत आहे. मग गॅस काट्यावर तोलून भरा. आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे लाइनमध्ये गॅस असताना ब्रेझिंग नाही. प्रत्येक मशिनचं कार्ड ठेवा: तारीख, अँपिअर, ग्रिलचं तापमान. पुढच्या वर्षी सेक्रेटरीसमोर तेच ठेवायचं.

दोन गोष्टी तिथल्यापेक्षा वेगळ्या. तिकडे गच्चीवर चिलर, इथे आठव्या मजल्यावर खिडकीबाहेर लटकलेला आउटडोअर. हार्नेसशिवाय पोराला बाहेर पाठवू नका. आणि मार्च ते मे झोप नाही, पावसाळ्यात काम नाही. तेव्हाच्या पगाराचे पैसे आधीच बाजूला काढा.

हत्यारं, स्कूटर आणि सहा महिन्यांचे पगार धरून सहा-सात लाख पुरतील. बाकीच्याला हात लावू नका. हो, एनआरई खातं बँकेत सांगून लगेच रेसिडेंट करून घ्या, मी ते उशिरा केलं.

आणि मेव्हण्याला गाळा स्वतःच घ्यायला सांगा.