शुक्रवारच्या चार ओळी

पहिल्या वर्षी मी सेल्फ अप्रेजल लिहायला बसलो, तेव्हा शेवटच्या दोन महिन्यांपलीकडचं काही आठवेना. म्हणून सांगतो, शुक्रवारी निघण्याआधी दहा मिनिटं काढ आणि एकाच फाइलमध्ये तारीख टाकून चार ओळी लिही: काय केलं, कुणासाठी, त्याने काय बदललं, पुरावा कुठे आहे.

'काय बदललं' हीच ओळ बहुतेक जण गाळतात. 'मासिक रिपोर्टवर काम केलं' ही नोंद वर्षअखेरीस काहीच सांगत नाही. त्याऐवजी समज असं लिहिलंस: 'विक्रीच्या मासिक रिपोर्टला 6 तास लागायचे, नव्या टेम्प्लेटमुळे आता दीड तास. कल्पना माझी, फॉर्म्युले सहकाऱ्याने बसवले. अकाउंट्सचा ईमेल 14 तारखेचा.' अप्रेजलचं वाक्य जवळजवळ तयारच झालं! पण आधीचे 6 तास त्याच आठवड्यात टिपायला हवेत. नवी पद्धत रुळली की जुनी किती वेळ खायची, हे कुणालाच आठवत नाही. सहकाऱ्याचा वाटाही तेव्हाच लिही, नाहीतर सगळं श्रेय नकळत आपल्याच नावावर चढतं आणि मॅनेजरच्या ते लगेच लक्षात येतं.

फसलेलं कामही लिही. एखादा आठवडा राहिलाच, तर कॅलेंडर आणि पाठवलेले ईमेल चाळून भरून काढ. ग्राहकांची गोपनीय माहिती मात्र त्या फाइलमध्ये नको.

दर तीन महिन्यांनी नोंदी ठरलेल्या उद्दिष्टांखाली लाव. एखाद्या उद्दिष्टाखाली काहीच नसेल, तर मॅनेजरशी बोलायला तेव्हा अजून वेळ असतो.