माळ्याची घडीची शिडी : चौकट आणि बिजागऱ्या

झडपेसाठी तुळई कापावी लागणार असेल, तर आधी खालून टेकू द्या आणि कापलेली टोके त्याच मापाच्या आडव्या लाकडांना जोडून ती लाकडे दोन्ही बाजूंच्या अखंड तुळयांवर पक्की करा, कारण चढणाऱ्याचा भार अखेर तिथेच जातो. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत पाचरी सारत राहा; नाहीतर झडप एका कोपऱ्यात घासते. बिजागऱ्या नुसत्या स्क्रूवर सोडू नका. आरपार बोल्ट, रुंद वायसर आणि लॉकनट हेच मला खात्रीचे वाटते. शिडीचे पाय कापण्यापूर्वी माप उभ्या पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडांवर घ्या. उघडल्यावर सांध्यात फट दिसली, तर भार लाकडाऐवजी बिजागरीवर पडत आहे, म्हणून तशा शिडीवर चढू नका.