त्र्यंबकेश्वरला घरं किती?

प्रश्न : सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी नाशिकवर शब्दकोडं बनवतोय. त्र्यंबकेश्वर बोटांवर मोजला की पाच येतात, एक्सेल म्हणतं १३, आणि मुलाच्या जुन्या मोबाइलमधलं एक अ‍ॅप म्हणतं ८. कोड्यात घरं किती ठेवू?

पाच ठेवा, बिनधास्त. त्र्यं, ब, के, श्व, र. आपल्याकडे अक्षर म्हणजे जोडाक्षर, काना, मात्रा, अनुस्वार सगळं धरून जो एक गठ्ठा होतो तो. अभंगाचं ६-६-६-४ असंच मोजतात, तिथे श्व ला कोणी दोन धरत नाही.

पण १३ पण चुकीचं नाही बरं का, एक्सेल फक्त वेगळीच गोष्ट मोजतंय. कॉम्प्युटरच्या पोटात त्र्यंबकेश्वर असा साठवलेला असतो: त, ्, र, ्, य, ं, ब, क, े, श, ्, व, र. मोजा, तेरा. यातल्या प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतःचा नंबर आहे, त्याला कोड पॉइंट म्हणतात. त्र्य नावाचा कुठला नंबरच नाहीये, त ला हलंत, र ला हलंत आणि मग य एवढंच साठवलेलं असतं आणि फाँट ते बघून जोडून दाखवतो. हलंत म्हणजे शाळेत आपण ‘पाय मोडणे’ म्हणायचो ते. विश्वास बसत नसेल तर वर्डमध्ये त्र्यं लिहा, कर्सर त्याच्या पुढे ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. आधी नुसता अनुस्वार जाईल, मग य जाईल आणि पाय मोडलेला त्र् उरेल, आख्खा गठ्ठा एका झटक्यात जाणार नाही.

आता ते ८. युनिकोडवाल्यांनी ‘माणसाला एक वाटेल असं अक्षर’ कुठे तोडायचं याचे नियम केलेत, आणि बरीच वर्षं त्यात काना-मात्रा-अनुस्वार आधीच्या अक्षराला चिकटायचे पण हलंतानंतर मात्र तुकडा पडायचा. म्हणजे त्, र्, यं, ब, के, श्, व, र, झाले आठ. २०२३ ला युनिकोड १५.१ आलं त्यात हा नियम बदलला आणि देवनागरीतली जोडाक्षरं अखंड धरायला लागले, त्यामुळे नवीन नियमावर चालणारं सॉफ्टवेअर आपल्यासारखंच पाच सांगतं. मुलाचं अ‍ॅप बहुतेक जुन्या नियमावर असणार.

एक्सेलमध्येच काम करणार असाल तर एक सोपा हिशोब आहे. शब्दातली व्यंजनं आणि सुटे स्वर (अ, आ, इ वगैरे) मोजा, काना-मात्रा-अनुस्वाराकडे बघूच नका, आणि त्यातून मधले हलंत वजा करा. त्र्यंबकेश्वर मध्ये त, र, य, ब, क, श, व, र ही आठ व्यंजनं, हलंत तीन, उरले पाच. कारण सरळ आहे, प्रत्येक हलंत दोन व्यंजनांना एका घरात कोंबतो. लांबलचक शब्दात हलंत डोळ्यांनी शोधायचा कंटाळा येतो तेव्हा हे टाका, A2 मध्ये शब्द:

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,UNICHAR(2381),""))
```

२३८१ हा हलंताचा नंबर. आपल्या शब्दाला उत्तर ३ येईल. फक्त शेवटी पाय मोडलेला शब्द असला, म्हणजे जुन्या पद्धतीने लिहिलेलं अर्थात्, तर तो शेवटचा हलंत वजा करायचा नाही, त्याच्यापुढे जोडायला व्यंजनच नाही ना. आता आपण अर्थात असं सरळ लिहितो, त्यामुळे हा त्रास फारसा होत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत मी कोडं केलं होतं आणि शहाणपणा करून शब्द घरांत पाडायला MID चं फॉर्म्युला लावलं, एका घरात एक कॅरेक्टर. नाशिक चे पाच तुकडे झाले: न, मग एकटा काना, मग श, मग एकटी पहिली वेलांटी, मग क. एकट्या खुणेला टेकायला अक्षर नसतं म्हणून तिथे टिंबांचं गोल वर्तुळ दिसतं, तसली वर्तुळं घेऊन ते पोस्टर छापून आलं. वर वेलांटी श च्या नंतरच्या घरात, कारण दिसायला ती श च्या आधी असली तरी साठवताना नंतरच असते. पोरं विचारत होती काका हे गोल काय आहेत, उत्तरात लिहायचे का. तेव्हापासून घरं मी हातानेच पाडतो.

अजून एक खास मराठी भानगड. पांडवलेण्यांच्या ‘पायऱ्या’ घेणार असाल तर घरं तीन, पा, य, ऱ्या. पण दोन जणांनी टाइप केलेल्या पायऱ्यांची LEN वेगळी येऊ शकते. कोणी ऱ हे वेगळं अक्षर वापरून लिहितो, तेव्हा ७ येतात, आणि कोणी साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड टाकून लिहितो, तेव्हा ८. कागदावर दोन्ही सारखेच. पण उत्तरांच्या यादीत शोधायला गेलात तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही, आणि तुम्ही डोळे चोळत बसता. तो न दिसणारा कोड गाळला तर मात्र रफार होतो, म्हणजे आचाऱ्यांना जेवायला बोलवायचं ते आचार्यांना बोलावणं जातं. वरचा व्यंजन वजा हलंत हिशोब दोन्ही पायऱ्यांना चालतो, प, य, र, य चार, हलंत एक, उरले तीन.

त्र्यंबक की त्र्यम्बक हे पण आधी ठरवून टाका. दोन्हीची अक्षरं तीनच, पण एकात घरं त्र्यं, ब, क आणि दुसऱ्यात त्र्य, म्ब, क. घरांची संख्या जुळली म्हणून सोडवणारा निवांत असतो आणि उभा शब्द लागला की अडतो.

आणि उभे शब्द कुठे टाकायचे ते बघून घ्या. त्र्यं वरून खाली जाणारा दुसरा शब्द मला तरी सुचत नाही, त्या घराला मोकळंच सोडा. श्व मधून ‘विश्वस्त’ छान जातो, वि, श्व, स्त, तीन घरं, ‘देवस्थानचा कारभार बघणारा’ अशी हिंट द्या. विश्वास नाही चालणार, तिथे श्वा आहे आणि आडव्यात श्व. केशर घ्यायचं तर के मधून घ्या. आणि शेवटच्या र वरून खाली ‘रविवार’ सोडा, चार घरं, हिंट ‘कारंजा असलेला वार’, नाशिककर असेल तर पेन उचलायच्या आधीच सांगेल.