इंटर्न आहे. पहिल्यांदाच एका खूप सीनियर क्लायंटला मीटिंगची वेळ ठरवायचा मेल करायचाय, हात थरथरतायत. कसा लिहू?

माझा पहिला असा मेल ऑक्टोबर 2024 मध्ये गेला, पुण्याहून लंडनला, एका कंपनीच्या संचालकांना. ऑफिसमध्ये माझा तिसरा आठवडा होता. चार ओळींच्या मेलला मी दीड तास लावला. सुरुवातच ‘रिस्पेक्टेड सर, आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ अशी केली होती आणि शेवटी लिहिलं होतं, ‘आपल्या सोयीने कधीही चालेल.’

टीम लीड मॅडमनी वाचून खुर्ची ओढली. म्हणाल्या, "अगं, ‘कधीही’ म्हणालीस की वेळ शोधायचं काम त्यांच्यावर आलं. मग तो मेल पडून राहतो. दोनच वेळा दे, त्यांना नुसतं ‘दुसरी’ एवढं लिहिता आलं पाहिजे." माफी त्यांनी खोडली आणि ‘डिअर मिस्टर’पुढे आडनाव घालायला सांगितलं. संचालकांच्या सेक्रेटरीला सीसीमध्ये घेतलं, कारण कॅलेंडर तीच सांभाळत होती.

मग मी वेळा टाकल्या. सोमवार 28 किंवा बुधवार 30 ऑक्टोबर, लंडनचे सकाळी 10, भारताचे दुपारी 2:30. मेल 21 तारखेला लिहीत होते आणि त्या दिवशी फरक साडेचार तासांचाच होता, फोनवर दोनदा बघितलं होतं. मॅडमनी विचारलं, "फरक आजचा बघितलास की 28 चा?"

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे घेतात. त्या वर्षी तो रविवार 27 तारखेला होता. म्हणजे 28 पासून फरक साडेपाच तासांचा, आणि लंडनचे 10 म्हणजे आपले 3:30. माझा मेल तसाच गेला असता, तर आमची टीम 2:30 ला कॉलवर येऊन बसली असती आणि तिकडे तेव्हा सकाळचे 9 वाजलेले असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे जातात, तेव्हा हाच घोळ उलटा होतो. (अमेरिकेतला क्लायंट असेल तर तारखा वेगळ्या, तिकडे घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात.) म्हणून मीटिंग ज्या दिवशी आहे त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये लंडन शहर निवडून वेळ बघ.

मेल इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

‘पुढच्या टप्प्याचं वेळापत्रक ठरवायला 30 मिनिटं हवी आहेत. सोमवार 28 किंवा बुधवार 30 ऑक्टोबर, लंडन सकाळी 10, भारत दुपारी 3:30. दोन्ही जमत नसेल तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ कळवा, आम्ही जुळवून घेऊ. होकार आला की निमंत्रण पाठवते.’

विषयात फक्त प्रकल्पाचं नाव आणि ‘30 मिनिटांची बैठक, 28 किंवा 30 ऑक्टोबर’. सेंड दाबताना छाती धडधडत होतीच. चाळीस मिनिटांनी सेक्रेटरीचं उत्तर आलं: बुधवार चालेल, निमंत्रण पाठवा.