ईमेल लीक तपासणाऱ्या साईटवर पासवर्ड टाकावा का?

प्रश्न: «माझा ईमेल कुठे लीक झालाय का ते बघायला एक साईट उघडली, तर ती ईमेलबरोबर पासवर्डही मागते. टाकू का? आणि यातल्या कोणत्या साईट सुरक्षित असतात?»

टाकू नका. पत्ता लीक झाला आहे का, हे शोधायला फक्त पत्ता पुरतो. त्याच्याबरोबर पासवर्ड मागणारी साईट बंद करावी, आणि तिथे तो आधीच टाकला असेल तर तो बदलावा.

मी haveibeenpwned.com वापरतो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली. नावाचे स्पेलिंग विचित्र असल्याने शोधयंत्रातल्या जाहिरातीवर न जाता साईटचा पत्ता अक्षर-अक्षर पाहून स्वतः टाइप करावा. तिथे कोणत्या साईटमधून, केव्हा आणि कोणत्या प्रकारची माहिती गेली एवढेच कळते. फुटलेला पासवर्ड ती कोणालाही दाखवत नाही. माझ्या दृष्टीने खरी कसोटी हीच आहे, कारण तुमचा पत्ता तिथे दुसरा कोणीही टाकून पाहू शकतो. वीलीकइन्फो नावाची साईट पैसे घेऊन लोकांचे फुटलेले पासवर्डच पाहू देत असे, आणि जानेवारी २०२० मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी तिचे डोमेन जप्त केले. जर्मनीतल्या हासो प्लाटनर संस्थेची तपासणी हंट यांच्या साईटहून काटेकोर आहे: ती निकाल पडद्यावर न दाखवता त्याच ईमेलवर पाठवते.

पासवर्ड तपासण्याची सोय हंट यांच्या साईटवर वेगळी आहे, आणि तिथे पत्ता द्यावा लागत नाही. तुमचा ब्राउझर पासवर्डचे ४० चिन्हांच्या हॅशमध्ये, म्हणजे गणिती सूत्राने बनवलेल्या सांकेतिक रूपात, रूपांतर करतो आणि त्यातली पहिली पाचच चिन्हे सर्व्हरकडे पाठवतो. ‘password’ या शब्दासाठी ती 5BAA6 अशी आहेत. त्या पाचांनी सुरू होणाऱ्या शेकडो हॅशची यादी परत येते आणि जुळणी तुमच्याच संगणकावर होते, त्यामुळे पूर्ण पासवर्ड बाहेर जातच नाही. पासवर्ड घेणाऱ्या दुसऱ्या साईटने असे काही सांगितले नसेल, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

निकाल नीट वाचणेही तितकेच महत्त्वाचे आहे. माझ्या बहिणीच्या पत्त्यावर एका खरेदीच्या साईटची नोंद निघाली आणि फुटलेल्या माहितीत ‘Passwords’ हा शब्द होता. त्या साईटवरचा पासवर्ड तिने वर्षभरापूर्वीच बदलला होता, म्हणून ती निर्धास्त होती. पण गळतीची तारीख त्या बदलाच्या आधीची होती, आणि तोच जुना पासवर्ड तिच्या ईमेलला अजून चालू होता. आम्ही आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, द्विस्तरीय पडताळणी सुरू केली आणि मगच बाकीची खाती पाहिली.

नोंद निघाली नाही, तर तुमची माहिती त्या संग्रहात सापडली नाही एवढाच त्याचा अर्थ घ्या. चोरीला गेलेली माहिती तिथे पोहोचायला कधी कधी काही वर्षे लागतात, आणि काही संवेदनशील साईटच्या नोंदी पत्ता तुमचाच असल्याची खात्री झाल्याशिवाय दाखवल्या जात नाहीत. म्हणून तिथल्या ‘Notify me’ सोयीत आपला पत्ता नोंदवून ठेवा; नवी नोंद आली की ईमेल येतो. त्या ईमेलमधल्या दुव्यावर मात्र क्लिक न करता साईट पुन्हा स्वतःच उघडून पाहा.